थेंब, लाली आणि तिचे सोबती: रक्ताची एक छोटी गोष्ट आणि तिच्यामागचं शरीर

आज आपण एक लहान मुलांची गोष्ट ऐकणार आहोत आणि ती मधे मधे थांबवून तिच्या आत डोकावणार आहोत. गोष्ट चौथीतल्या मुलांसाठी आहे. रक्ताचा एक थेंब शरीरभर फिरतो, वाटेत त्याला मदतनीस भेटतात, एवढाच तिचा जीव. अशा गोष्टी पुष्कळ आहेत. बहुतेकींत थेंबाला डोळे आणि हसरं तोंड असतं, तो हृदयाकडून निघतो, फुप्फुसाकडून हवेची पिशवी घेतो, पायाच्या अंगठ्याला देतो आणि घरी येतो. मुलांना मजा येते, त्याबद्दल आमची तक्रार नाही.

पण ही गोष्ट आम्ही एक मुलगा डोळ्यांसमोर ठेवून रचली. पूर्व विदर्भात, गडचिरोलीकडे किंवा तिकडे नंदुरबारला, एखाद्या वर्गात ही गोष्ट सांगितली जाते तेव्हा समोर बसलेल्यांपैकी एखाद्याला सिकलसेल असू शकतो. त्याच्यासाठी रक्ताची गोष्ट हा विज्ञानाचा धडा नसतो. ती त्याच्या दुखण्याची गोष्ट असते. तिच्यात लाल पेशी शूर आणि पांढऱ्या पेशी सैनिक असल्या, तर त्याने आपल्या रक्ताबद्दल काय समजायचं? म्हणून गोष्टीतली प्रत्येक गंमत खऱ्या शरीराशी जुळली पाहिजे, म्हणजे शेवटी तोही त्याच गोष्टीत मावेल. तर सुरुवात करू.

*मंदाच्या डाव्या पोटरीतून रक्ताचा एक थेंब वर निघाला होता. थेंब कसला, जत्राच ती! लाल पेशींची ही दाटी. त्यातलीच एक होती लाली. "अगं, ढकलू नका ना!" लाली ओरडली. "आम्ही कुठे ढकलतोय?" शेजारची पांढरी पेशी म्हणाली. "मंदा मैदानाकडे पळतेय. तिची पोटरी ढकलतेय आपल्याला."*

इथे थांबू. जत्रा म्हटलं, ती केवढी? एका मिलिलिटरमध्ये साधारण वीस थेंब येतात. मंदा आठ वर्षांची आहे, वजन पंचवीस किलो धरू. तिच्या अंगात पावणेदोन ते दोन लिटर रक्त असेल, म्हणजे जवळपास ४० हजार थेंब. त्यातल्या एका थेंबात लाल पेशी वीस ते पंचवीस कोटी. बिंबिका, ज्यांना आपण सगळे आता प्लेटलेट म्हणतो, त्या एक कोटीच्या आसपास. आणि पांढऱ्या पेशी किती? तीन-साडेतीन लाख. एवढ्या सगळ्या जत्रेत पांढरी पेशी म्हणजे लग्नाच्या मांडवातला भटजी, शोधावी लागते. लालीच्या अगदी शेजारी एक भेटली हे लालीचं नशीब.

आणि हे सगळे मिळून थेंबाचा निम्म्याहून कमीच भाग. उरलेला अर्ध्याहून जास्त थेंब म्हणजे रक्तद्रव, पिवळसर पाणी. त्याला गोष्टीत तोंड देता येत नाही, म्हणून बहुतेक गोष्टी त्याला विसरतात. पण साखर, क्षार, प्रथिनं वाहतो तो हाच. शरीरात तयार होणारा कार्बन डायऑक्साइडसुद्धा लाल पेशी पिशवीत भरून नेतात असं चित्र असतं, पण त्याचा मोठा वाटा या रक्तद्रवात विरघळलेल्या रूपातच जातो. लाल पेशी मुख्यतः त्याचं रूप बदलायला मदत करतात.

म्हणजे बघा, "थेंब आणि त्याचे मदतनीस" असं आपण म्हणतो तेव्हा थेंब वेगळा आणि मदतनीस वेगळे असं वाटतं. तसं काही नसतं. मदतनीस बाजूला काढले तर थेंब उरतच नाही. खरा बाहेरचा मदतनीस इथे एकच भेटला, तो म्हणजे पोटरी. पायातून रक्त वर चढतं ते निव्वळ हृदयाच्या जोरावर नाही. पोटरीचा स्नायू आवळला की आतली शीर पिळली जाते आणि शिरेतल्या झडपा रक्ताला खाली परतू देत नाहीत. बराच वेळ एका जागी उभं राहिलं की पाय का भरून येतात, ते यातून कळतं.

*लाली एका मोठ्या दालनात शिरली. आणि मग, धप्प! मागचं दार बंद. धप्प! पुढचं दार उघडलं. केवढी ती रेटारेटी! लालीने मागे वळून पाहिलं. ओळखीचं कुणीच दिसेना. "आपला थेंब कुठे गेला?" तिने विचारलं. कुणीतरी हसलं. "थेंब? इथे कुठला आलाय थेंब?"*

थेंबाच्या बहुतेक गोष्टी खोट्या पडतात त्या इथे. मंदाच्या हृदयाच्या एका ठोक्यात ३५ ते ४० मिलिलिटर रक्त पुढे जातं. म्हणजे सातशे-आठशे थेंब एका धक्क्यात. त्यात आपला थेंब घुसळून निघतो. पोटरीतून सोबत आलेल्या दोन पेशींपैकी एक उजव्या फुप्फुसात जाईल, दुसरी डाव्या. पुढच्या फेरीत एक मेंदूत, दुसरी मूत्रपिंडात. थेंब म्हणून थेंब दिसतो तो शरीराबाहेर आल्यावर, बोटाला टाचणी लागली की. आत फक्त प्रवाह असतो.

मग शरीरभर फिरणारं पात्र कोण? पांढरी पेशी करावी, तर ती मधेच वाहिनीच्या बाहेर पडते. बिंबिका फार तर आठ-दहा दिवस टिकते. उरते लाल पेशी. ती १२० दिवस फिरते आणि वाहिनी सोडत नाही. म्हणून आमच्या गोष्टीत पहिल्या परिच्छेदात थेंब आहे आणि दुसऱ्यात तो संपतो. मुलं थोडी हिरमुसतात. पण त्यांच्या मनात तिथेच एक प्रश्न रुजतो की मग आत आहे तरी काय.

मुलांना आणखी एक गणित द्यावं, त्यांना फार आवडतं. ठोक्याला ३७ मिलिलिटर धरा, मिनिटाला ८८ ठोके. मिनिटाला सव्वातीन लिटर झालं. म्हणजे तासाला जवळपास १९५ लिटर, एक मोठं पिंप भरून. आता मंदा तासाभरात पिंपभर रक्त नव्याने बनवते का? शक्यच नाही. याचा अर्थ तेच रक्त फिरून फिरून येतंय. हाच हिशेब विल्यम हार्वी यांनी आपल्या १६२८ च्या पुस्तकात मांडला. त्याआधी हजार-दीड हजार वर्षं गॅलेनची शिकवण चालत होती, की अन्नापासून यकृत रक्त बनवतं आणि ते अवयवांत खर्च होऊन जातं. हार्वींच्या हिशेबापुढे ते टिकेना. मंदाचा हिशेब उलटा केला तर दोन लिटर रक्ताची एक फेरी पाऊण मिनिटाच्या आतच होते. धावताना त्याहून लवकर.

हार्वींची एक अडचण मात्र राहिली होती. रक्त एका बाजूच्या वाहिन्यांतून अवयवात जातं आणि दुसऱ्या बाजूच्या वाहिन्यांतून परत येतं, हे पटलं. पण मधे कुठून जातं? त्यांना ती वाट दिसली नाही. ती १६६१ साली मार्सेल्लो माल्पिघी यांना बेडकाच्या फुप्फुसात सूक्ष्मदर्शकाखाली दिसली. लाली आता तिथेच पोहोचते आहे.

*गल्ली अरुंद होत होत एवढी अरुंद झाली की लालीला शिरताच येईना. "घडी घाल," मागची म्हणाली. लालीने अंग दुमडलं, पोळीची घडी घालतात तसं, आणि सरकली. भिंतीपलीकडे वारा होता. मंदाने श्वास घेतला होता. लालीच्या आत कोट्यवधी खुर्च्या होत्या. डोळ्यांचं पातं लवतं न लवतं तोच सगळ्या भरल्या. लाली लालभडक झाली.*

या गल्लीला केशवाहिनी म्हणतात. लालीचा व्यास सात-आठ मायक्रोमीटर, म्हणजे एका मिलिमीटरमध्ये अशा सव्वाशे-एक पेशी ओळीने बसतील. आणि अरुंद केशवाहिनी पाच-सहा मायक्रोमीटरची. वाट पेशीहून अरुंद आहे. पेशी एकेक करून, वाकून जाते. तिचा आकार कसा? मेदूवड्याला भोक पाडायला बोट दाबलं, पण ते आरपार गेलं नाही, असा दोन्ही बाजूंनी मधे दबलेला. पूर्ण फुगलेला चेंडू असता तर दुमडता आला नसता. आतला माल तेवढाच ठेवून कातडं सैल ठेवलेलं आहे, म्हणून घडी पडते. हे लक्षात ठेवा, आपली सगळी गोष्ट या घडीवर उभी आहे.

खुर्च्या म्हणजे हिमोग्लोबिन. एका लाल पेशीत त्याचे सुमारे २७ कोटी रेणू असतात आणि प्रत्येकात ऑक्सिजनसाठी चार जागा. फुप्फुसातल्या केशवाहिनीत पेशी थांबते ती जेमतेम पाऊण सेकंद, आणि जागा भरायला त्याच्या तिसरा हिस्सा वेळही पुरतो. एवढी मोकळीक का? कारण धावताना रक्त जोरात जातं, तेव्हा ती उरलेली मोकळीक उपयोगाला येते.

*लाली परत हृदयात आली, यावेळी डावीकडच्या दालनात, आणि जोरात बाहेर फेकली गेली. मंदा खो-खो खेळत होती. लाली तिच्या गुडघ्याजवळच्या गल्लीत पोहोचली. "कुणी उतरणार का?" तिने विचारलं. काही उतरले. बरेचसे बसून राहिले. लाली थोडी गडद झाली.*

"काही उतरले" हे शब्द आम्ही मुद्दाम ठेवले. चित्रांत परतीचं रक्त निळं रंगवतात. मराठीत तर आपण रक्तवाहिन्यांना नावंच अशी दिली आहेत, नेणारी ती रोहिणी आणि आणणारी ती नीला. रोहिणीत तांबडा रंग आहे आणि नीलेत निळा. त्यामुळे मुलांना वाटतं की रक्त परत येताना रिकामं आणि निळं असतं. दोन्ही खरं नाही. माणूस स्वस्थ बसलेला असतो तेव्हा रक्त चारांपैकी साधारण एकच ऑक्सिजन उतरवून परततं. तीन जागा भरलेल्याच असतात. स्नायू राबायला लागले की जास्त उतरतात. आणि रंग? तपासणीसाठी दंडाजवळून रक्त काढतात ते नीलेतलंच असतं. नळीत बघा, गडद तांबडं असतं, जांभळाकडे झुकणारं, पण निळं नाही. शीर निळसर दिसते ते कातडीतून उजेड जसा परत येतो त्यामुळे. ज्या मुलाचं रक्त वारंवार तपासलं जातं, त्याला हे वर्गात सगळ्यांच्या आधी ठाऊक असतं. त्याला सांगू द्या. आम्ही गोष्ट सांगताना इथे विचारतोच, कुणी आपलं रक्त नळीत पाहिलंय का?

*खर्रकन! मंदा घसरली. लालीच्या पुढची भिंतच फाटली. तिच्या पुढच्या मैत्रिणी बाहेर वाहून गेल्या. मंदाला गुडघ्यावर रक्ताचा थेंब दिसला आणि ती "आई गं!" म्हणाली. तेवढ्यात चपट्या चपट्या टिकल्या धावून आल्या. फाटलेल्या काठाला शिवल्या मात्र, त्यांना काटेच फुटले! एकीला दुसरी चिकटली, दुसरीला तिसरी. मग रक्तद्रवातून धागे निघाले. जाळं विणलं गेलं. लालीची शेजारीण त्यात अडकली. लाली दुसऱ्या वाटेने वळली.*

टिकल्या म्हणजे बिंबिका. त्या पुरत्या पेशीसुद्धा नाहीत, अस्थिमज्जेतल्या मोठ्या पेशींचे तुटलेले तुकडे आहेत. बहुतेक गोष्टींत त्यांना कुणीतरी हाक मारतं, "धावा, जखम झाली!" हाक मारायला कुणी नसतं. बिंबिका कायम वाहिनीच्या काठाकाठाने वाहत असतात. वाहिनीचं अस्तर गुळगुळीत असेपर्यंत त्या चिकटत नाहीत. अस्तर फाटलं की खालचे कोलॅजनचे तंतू उघडे पडतात आणि त्यांना लागताच बिंबिका चिकटते, आकार बदलते आणि काही द्रव्यं सोडते, त्यामुळे पुढच्या चिकटतात. पाठोपाठ रक्तद्रवातलं एक विरघळलेलं प्रथिन धाग्यांत बदलतं. इथे आपला विसरलेला रक्तद्रव कामी आला बघा. खरचटलेल्या गुडघ्याचं रक्त काही मिनिटांत थांबतं ते असं. आणि खपली तांबडी का? कारण त्या जाळ्यात लालीच्या शेजारणी अडकलेल्या असतात. नाहीतर जाळं स्वतः पांढुरकंच असतं.

*पांढऱ्या पेशीला वास आला. वाहिनीची भिंत इथे चिकट झाली होती. ती गडगडत गडगडत मंदावली, थांबली, सपाट झाली आणि दोन विटांमधून मुंगी जावी तशी बाहेर पडली. "परत येशील ना?" लालीने विचारलं. पांढरी पेशी काही बोलली नाही.*

"वास" हा शब्द गोष्टीतला असला तरी फार खोटा नाही. दुखावलेल्या जागेतून आणि जंतूंकडून जी रसायनं पसरतात, त्यांच्या चढत्या मात्रेच्या दिशेने पांढरी पेशी सरकते. जखमेकडे आधी पोहोचतात त्या न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी. त्या जंतू गिळतात आणि तिथेच मरतात. पू म्हणजे बराचसा त्यांचाच ढिगारा. मुलांना हे सांगितलं की तोंडं वाकडी करतात आणि मग पुढच्या फोडाकडे निरखून बघतात.

आम्ही इथे सैनिक, तलवार, शत्रू हे शब्द वापरलेले नाहीत. एक कारण असं की पांढरी पेशी हुकूम घेत नाही आणि ठरवतही नाही, ती रसायनाला प्रतिसाद देते. पण मोठं कारण वेगळं आहे. जे मूल सारखं आजारी पडतं, ते युद्धाची गोष्ट ऐकून एवढंच शिकतं की आपले सैनिक हरले. "तुझ्या रक्तात ताकद नाही" असं घरात कुणीतरी म्हणालेलं असतंच. गोष्टीने त्यात भर घालू नये.

*दिवस गेले. लालीने शेकडो, हजारो फेऱ्या मारल्या. आता तिचं अंग पूर्वीसारखं दुमडत नव्हतं. एके दिवशी ती पानथरीत आली. तिथली वाट सगळ्यात अरुंद होती आणि वाटेवर एक आजी बसली होती. "घडी घालून दाखव," आजी म्हणाली. लालीने प्रयत्न केला. जमेना. "दमलीस गं," आजी म्हणाली आणि तिने लालीला जवळ घेतलं. तिच्यातलं लोखंड काढून ठेवलं. "हे नव्या लालीला लागेल."*

पानथरी म्हणजे प्लीहा, पोटात डावीकडे, बरगड्यांच्या आड. एक फेरी मिनिटाची धरली तरी १२० दिवसांत एक लाख सत्तर हजारांवर फेऱ्या होतात. आणि लालीजवळ स्वतःची दुरुस्ती करायचं साधन नाही. रक्तात येण्याआधीच तिने आपलं केंद्रक टाकून दिलेलं असतं, नवी प्रथिनं बनवणार कशातून? कातडं झिजत जातं, ताठर होतं. पानथरीतल्या फटी केशवाहिन्यांहूनही अरुंद असतात. ज्या पेशीला तिथून दुमडून जाता येत नाही, ती अडकते आणि तिथल्या भक्षक पेशी तिला गिळतात. काही पेशींचा शेवट यकृतातही होतो. आमच्या आजीची परीक्षा काल्पनिक आहे, पण परीक्षेचा विषय खरा आहे.

मुलं इथे हमखास विचारतात, "म्हणजे लाली मेली?" उत्तर सरळ द्यावं. हो, मेली. मोठ्या माणसाच्या अस्थिमज्जेत दर सेकंदाला वीस लाखांच्या आसपास नव्या लाल पेशी तयार होतात, तेवढ्याच जुन्या जातात. नव्यांसाठी रोज २० ते २५ मिलिग्रॅम लोह लागतं. जेवणातून अंगी लागतं एक ते दोन मिलिग्रॅम. बाकीचं सगळं जुन्या लालींकडून येतं. लोह काढून घेतल्यावर जो रंग उरतो तो आधी हिरवट आणि मग पिवळा होतो, यकृतातून पित्तात जातो आणि शेवटी शौचाला त्याचाच तपकिरी रंग येतो. मुलांना हे पोटभर हसवतं. आणि पुरावा हवा असेल तर मार लागून काळंनिळं पडलेली जागा रोज बघायची. काही दिवसांनी ती हिरवट, मग पिवळट होते. लालीच्या शेवटाचे हेच रंग, फक्त कातडीखाली.

आता त्या मुलाकडे येऊ ज्याच्यासाठी हे सगळं एवढं मोजूनमापून मांडलं. गोष्टीचा शेवटचा भाग त्याचा आहे.

*मंदाच्याच वर्गात सोमा होता. सोमाच्या अंगातही एक लाल पेशी होती, तिचं नाव तारा. तारालाही खुर्च्या होत्या, तीही वारा घ्यायची, पोहोचवायची. पण प्रवासी उतरले की ताराच्या रिकाम्या खुर्च्या एकमेकींना चिकटायच्या आणि त्यांच्या लांब काठ्या व्हायच्या. मग तारा ताठ व्हायची. घडीच पडायची नाही. त्या दिवशी थंडी होती, सोमा सकाळपासून पाणी प्यायला नव्हता. तारा अरुंद गल्लीत अडकली. मागच्या सगळ्या थांबल्या. पुढे कुणीतरी वाऱ्याची वाट बघत होतं. आणि सोमाचं हाड दुखायला लागलं.*

सिकलसेलमध्ये नेमकं हेच होतं. हिमोग्लोबिनच्या घडणीत एक लहानसा, जन्मजात बदल असतो. ऑक्सिजन उतरला की असे रेणू एकमेकांना चिकटून लांब दांडे तयार होतात आणि पेशी ताणून विळ्यासारखी होते. फुप्फुसात परत ऑक्सिजन मिळाला की सुरुवातीला ती पुन्हा गोल होते. पण हे पुन्हा पुन्हा झालं की कातडं बिघडतं आणि मग ती कायमची वाकडी राहते. अशी पेशी १२० दिवस टिकत नाही, दहा-वीस दिवसांत जाते. अस्थिमज्जा कितीही राबली तरी भरून काढू शकत नाही, म्हणून हिमोग्लोबिन कमी राहतं आणि डोळे पिवळसर दिसतात. आत्ता म्हटलं ना, मेलेल्या लालीचा रंग पिवळा. इथे लाली फार भराभर मरतात. त्या पिवळेपणाला कावीळ झाली म्हणून झाडपाल्याकडे नेणारे घरोघरी आहेत.

दोन्ही पालकांकडून हा बदल आला तर मूल रुग्ण असतं, कार्डावर एसएस लिहितात. एकाच पालकाकडून आला तर वाहक, म्हणजे एएस. वाहकाला एरवी सहसा त्रास होत नाही. हे संसर्गाने होत नाही, डबा वाटून खाल्ला म्हणून होत नाही. गोष्टीत सोमा आणि मंदा एकाच बाकावर बसतात ते याचसाठी.

ताराला आम्ही वाकडी, विळी असलं नाव दिलं नाही हे तुमच्या लक्षात आलं असेल. ती वाईट पेशी नाही. तिचं काम लालीचंच आहे, फक्त तिची घडी पडत नाही. ज्या मुलाने आधी लालीला गल्लीत दुमडताना ऐकलंय, पानथरीतल्या आजीची परीक्षा ऐकली आहे, त्याला सोमाचं दुखणं वेगळं समजावून सांगावं लागत नाही. तोच सांगतो, "ती अडकली."

पानथरीचं काय होतं, तेही इथे सांगितलं पाहिजे, मुलांना नाही तरी शिक्षकांना. तिथल्या अरुंद वाटा अशा पेशींनी तुंबतात आणि लहानपणीच तिचं काम ढासळायला लागतं. जंतू गाळण्याचं कामही तीच करते. म्हणून सिकलसेल असलेल्या मुलाला ताप आला तर "उद्या बघू" नाही, त्याच दिवशी दवाखाना. तसंच छातीत दुखणं, दम लागणं, एकाएकी खूप पांढरं पडणं, डाव्या बरगडीखाली पोट फुगणं, हात-पाय किंवा तोंड एका बाजूने लुळं पडणं, यातलं काही दिसलं तर थांबायचं नाही.

आणि वर्गात रोज करायची गोष्ट म्हणजे पाणी. ताराच्या आतलं पाणी कमी झालं की खुर्च्या आणखी दाटीने बसतात आणि काठ्या लवकर होतात. म्हणून सोमाला दिवसभर थोडं थोडं पाणी लागतं. त्यातच आणखी एक अडचण. या आजारात मूत्रपिंडाची लघवी दाट करायची ताकदही कमी होते, त्यामुळे पाणी राखून ठेवता येत नाही. सोमाला वरचेवर लघवीला जावं लागतं. वर्गात तो सारखा बाहेर जायला मागतो, बाई म्हणतात "आत्ताच गेला होतास ना, बस खाली." मग सोमा काय करतो? पाणी पिणं बंद करतो. दुपारपर्यंत तारा अडकते. गोष्टीच्या शेवटी आम्ही म्हणूनच एवढंच ठेवलं आहे:

*दुसऱ्या दिवशी बाईंनी सोमाच्या बाकावर पाण्याची बाटली ठेवली. "आणि हे बघ," त्या म्हणाल्या, "तुला बाहेर जायचं असेल तेव्हा विचारायचं नाही. उठायचं आणि जायचं." मंदा म्हणाली, "आणि मी?" बाई म्हणाल्या, "तू विचारायचं."*

गोष्ट संपली की एक प्रश्न मुलं विचारतात, आणि त्याचं उत्तर तयार ठेवलं पाहिजे. "पाणी प्यायल्यावर तारा बरी होते का?" नाही. पाण्याने ती कमी वेळा ताठ होते, बरी होत नाही. पाण्याबरोबरच सोमाला रोजच्या गोळ्याही आहेत. फॉलिक अॅसिड नव्या पेशी बनवायला लागतं. डॉक्टरांनी हायड्रॉक्सियुरिया दिलं असेल तर त्याने पेशींमध्ये बाळपणीच्या प्रकारचं हिमोग्लोबिन वाढतं, आणि ते काठ्या होऊ देत नाही. बाळपणीचं म्हणजे काय, तर जन्माआधी आईच्या पोटात असताना आपण सगळे जे वापरत होतो ते. सोमाही तेव्हा तेच वापरत होता, म्हणून पहिले काही महिने त्याला काहीच दुखलं नव्हतं.